चढणीवर वर आलेला काटा

मुलं तिला गाडीकाकू म्हणत. तिचं खरं नाव शाळेतल्या बाईंनाही आठवायचं नाही. सकाळी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला की घराघरातून ओरडा व्हायचा, "गाडीकाकू आली, बूट घाल!" आणि डबा, दप्तर, अर्धवट घातलेली वेणी असं सगळं घेऊन पोरं तिच्या व्हॅनमध्ये कोंबली जायची.

व्हॅन मूळची नवऱ्याची. बरीच वर्षं त्यानेच चालवली. मग त्याच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं. आधी मैलाचे दगड दिसेनात, मग स्टिअरिंगमागचे काटे दिसेनात. डॉक्टरांनी गाडी बंद म्हणून सांगितलं त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेच बायकोला चालवायच्या सीटवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. "मी कानाने ऐकतो, तू डोळ्याने बघ," म्हणाला.

ती शिकली ती भीत भीतच. रस्त्यावर नजर, आरशावर नजर, आणि मधेच काट्यांवर. डाव्या कोपऱ्यात डिझेलचा, उजव्या कोपऱ्यात इंजिनाच्या उष्णतेचा. किल्ली फिरवली की सगळे दिवे लागायचे, इंजिन सुरू झालं की विझायचे. डिझेलचा पिवळा सोडून एखादा विझला नाही तर ती गाडी हलवायची नाही. नवरा म्हणायचा, "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या तोंडाकडे कधी एवढं निरखून पाहिलंस का?"

"तुमच्या तोंडाला काटा असता तर पाहिलं असतं," ती म्हणायची. मग किल्लीवर हात ठेवून मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची आणि निघायची.

तिला जास्त भीती उष्णतेच्या काट्याची. शाळा टेकडीवर होती. रस्त्याच्या एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वरच्या खाणीतले दगडाचे डंपर त्याच रस्त्याने. मागच्या आठवड्यात त्या चढणीवर काटा लाल पट्ट्याला टेकला होता. रेडिएटरची नळी फुटली होती. मिस्त्रीने नवी घातली आणि जाताना बजावलं, "वहिनी, काटा वर गेला की थांबायचंच. पण इंजिन तापलेलं असताना काटा एकदम खाली आला ना, तर खूश होऊ नका. पाणी पार संपलं की काट्याला तापमान कळायला काही उरतच नाही. तो गार दाखवतो आणि आत इंजिन जळत असतं."

हे वाक्य तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. त्या दिवसापासून ती उजव्या कोपऱ्याकडेच बघत राहिली.

डिझेलचं तसं नव्हतं. तिथे नवऱ्याची शिस्त होती. काटा जुना झालेला, आळशी; टाकी भरली तरी अर्ध्या रस्त्यापर्यंत खालीच पडून राहायचा. म्हणून घरात नियम होता : डिझेल भरलं की किलोमीटरचा छोटा आकडा शून्य करायचा. त्या आकड्यावरून कळायचं किती उरलं असेल. "काट्यापेक्षा आकडा खरा," नवरा म्हणायचा. आणि पिवळा दिवा लागला तरी त्याचं ठरलेलं, "अगं, रिझर्व्ह लागलाय म्हणजे अजून दोन फेऱ्या आरामात जातात. मी कधी अडकलो का?" खरंच तो कधी अडकला नव्हता. त्याची बरीच वर्षं पिवळ्या दिव्यावरच गेली होती.

दुपारनंतर व्हॅन दीर न्यायचा, दुकानांचा माल पोचवायला. त्या संध्याकाळी डिझेल तळाला गेलं, आणि पंपावर टँकर रिकामा होत होता म्हणून मशिनं बंद. दिराने ओळखीच्या दुकानातून एक छोटा कॅन आणून ओतला आणि घरी आला. उतरताना सवयीने बोट पुढे गेलं आणि त्याने आकडा शून्य केला. घरचा नियमच होता. कॅन ओतला हे सांगायचं मात्र राहून गेलं.

सकाळी तिने किल्ली फिरवली. नवरा आता रोज सोबत येत नसे. सगळे दिवे विझले, पिवळा राहिला. काटा तळाला. तिने आकडा पाहिला : शून्य. म्हणजे टाकी कालच भरली. तिने काचेवर बोटाने टकटक केलं. "ऊठ रे आळशा," म्हणाली, आणि निघाली.

मुलं भरली. एक मुलगा रडत होता, त्याचा दात हलत होता. त्याची मोठी बहीण त्याला सांगत होती की दात पडला की त्या जागी आणखी मोठा येतो, अगदी घोड्यासारखा. तो आणखी रडायला लागला.

चढण सुरू झाली. तिने गिअर खाली घेतला. तिचे डोळे उजव्या काट्यावर. मध्यावर आला, मध्याच्या थोडा वर गेला, तिथेच थांबला. तिने श्वास सोडला. मग सहज डावीकडे पाहिलं तर डिझेलचा काटा हळूहळू वर येत होता. पाव भागापर्यंत आला. आणि पिवळा दिवा विझला.

"उठलास एकदाचा," ती पुटपुटली. तिला इतकं बरं वाटलं की ती गाणं गुणगुणणार होती.

पुढच्या वळणावर इंजिन खोकलं.

एकदाच. जणू घशात काही अडकलं. मग पुन्हा. तिने पाय दाबला, पण गाडीने ओढ घेतली नाही. एक लांब थरथर झाली आणि इंजिन गप्प झालं. समोर बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा लागला. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. गाडी क्षणभर जागच्या जागी थांबली आणि मागे सरकायला लागली.

तिने ब्रेक दाबला. गाडी थांबली. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला. तरी पाय उचलताच गाडी वीतभर मागे घसरली. हँडब्रेकची तार सैल होती. तिने पाय पुन्हा रोवला. नवऱ्याने शिकवलेलं कानात वाजलं : इंजिन बंद पडल्यावर ब्रेक एक-दोनदाच मऊ लागतो, मग दगड होतो. पाय उचलून पुन्हा पुन्हा मारायचा नाही. दाबून धरायचा.

आरशात डंपर दिसला. वळणावरून वर येत होता, दगडांनी शिगोशीग भरलेला.

तिने हॉर्नवर तळहात ठेवला आणि उचललाच नाही. मुलं हसायला लागली. त्यांना वाटलं काकू गंमत करतेय. "काकू, आणखी जोरात!"

डंपरचे ब्रेक किंचाळले. तो थांबला. आरशात आता फक्त त्याचं तोंड दिसत होतं, आकाश नाही.

तिला उतरता येत नव्हतं. पाय उचलला तर गाडी त्या तोंडावर जाणार होती, नाहीतर दरीकडे. दात हलणारा मुलगा म्हणाला, "काकू, मला उतरायचंय."

"कोणी जागचं हलायचं नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. मुलं चिडीचूप झाली. त्यांची ती शांतता तिला हसण्यापेक्षा भयंकर वाटली. मागे एवढे जीव आणि सगळा भार तिच्या एका पावलावर. देवा, एवढा एक पाय धरून ठेव, ती म्हणत राहिली. दुसरं काही मागायला सुचलंच नाही.

डंपरवाला खिडकीशी आला. दाढीवाला, घामाने निथळलेला.

"बाई, काय झालं?"

"इंजिन गेलं. पाय उचलता येत नाही. आत मुलं आहेत."

त्याने आत पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. तो पळाला. आपल्या केबिनमधून लाकडाचे दोन ठोकळे काढून त्याने तिच्या मागच्या चाकांना लावले, वर दोन दगड रेटले. "आता सोडा. हळूच. मी आहे."

तिने पाय सैल केला. गाडी ठोकळ्यांवर टेकली आणि थांबली. त्याने डोंगराच्या बाजूचं दार उघडलं आणि एकेका मुलाला उचलून डोंगरालगत उभं केलं. "हात धरा एकमेकांचे. रस्त्यावर पाय टाकला तर काकू रागावेल," तो म्हणाला. काकू अजून स्टिअरिंग धरूनच बसली होती.

त्याने डिझेलच्या टाकीवर मुठीने ठोकलं. भांडं वाजावं तशी वाजली. "कोरडी आहे की हो!"

"पण काटा वर आला होता," ती म्हणाली. "दिवासुद्धा विझला."

"चढावर उरलंसुरलं डिझेल मागे जातं, बाई. तुमचा काटा हलवणारा तरंगता गोळा टाकीत मागे असणार, आणि इंजिनाकडे डिझेल ओढणारी नळी पुढे. गोळा वर आला, नळी उघडी पडली. नळीने हवा ओढली."

त्याच्याकडे कॅन होता. त्याने टाकीत ओतला. आत गेलेली हवा निघावी म्हणून फिल्टरजवळचा स्क्रू तिनेच सैल केला, मिस्त्रीने एकदा दाखवला होता. हातपंप दाबत राहिली. आधी बुडबुडे आले, मग फेस, मग नुसतं स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला. इंजिन सुरू झालं, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता. आत कोणीतरी टिचक्या मारत असल्यासारखा.

"पैसे?" तिने विचारलं.

"मुलं पोचवा आधी," तो म्हणाला.

संध्याकाळी मिस्त्रीने फिल्टर उघडला. खाली काळा गाळ आणि पाणी. नवरा शेजारी बाकावर बसला होता. त्याला दिसलं नसतं म्हणून मिस्त्रीने त्याचं बोट धरून तो गाळ त्याच्या बोटाला लावला.

"टाकीच्या तळाशी हेच असतं, दादा. तुम्ही कायम रिझर्व्हवर चालवलीत, म्हणजे इतकी वर्षं गाडीला हेच पाजलंत. आणि इंजिनाला डिझेल पुरवणारा हा मोठा पंप डिझेलनेच ओला राहतो, त्याला दुसरं तेल नाही. हवा गेली की लोखंडावर लोखंड घासतं. आवाज येतोय ना, तो त्याचाच. तपासायला काढावा लागेल. वाचला तर नशीब."

नवरा बराच वेळ बोट बोटावर चोळत राहिला. "मी कधी अडकलो नाही," तो हळूच म्हणाला. त्यात फुशारकी उरली नव्हती.

दीर दाराशी उभा होता. "वहिनी, मी सांगायला हवं होतं."

"भाऊजी, आकडा तुम्ही शून्य केलात. पण दिवा मी पाहिला होता," ती म्हणाली. "पाहून त्यालाच आळशी म्हटलं." आणि मग ती रडली, सकाळपासून पहिल्यांदाच. रडताना उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जात होता.

पंप वाचला. व्हॅन परत आली तेव्हा काटाही नवा होता आणि हँडब्रेकची तारही. आता पाव टाकी उरली की गाडी पंपावर जाते, आणि टाकी गळ्यापर्यंत भरल्याशिवाय आकड्याला कोणी हात लावत नाही. पहिल्या सकाळी नवरा शेजारी येऊन बसला. मुलं चढली. दात पडलेला मुलगा सगळ्यांना खाच दाखवत होता.

चढणीचा पायथा आला. तिने गाडी बाजूला घेतली. सपाटीवर. इंजिन सुरूच ठेवलं.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"बघतेय. इथे सपाटी आहे, इथे काटा खरं सांगतो."

"किती आहे?"

"पाऊणच्या वर."

तो कान देऊन इंजिन ऐकत राहिला. मग अंदाजाने हात पुढे करून त्याने काट्याच्या काचेवर बोट ठेवलं, जणू स्पर्शाने कळणार होतं. "परत एकदा बघ," म्हणाला.

तिने परत एकदा पाहिलं. पिवळा दिवाही पाहिला. मग किल्लीवर हात ठेवून देवाचं नाव घेतलं, या वेळी तोंडाने, आणि पहिला गिअर टाकला.