बुधवारच्या नाईटला झालेली मुलगी

दार उघडलं तर समोर हिरवा माणूस. हिरवा शर्ट, हिरवी पँट, हिरवे मोजे. मी म्हटलं, "अनंता, काय रे हा अवतार?"

"आईनं घातलंय, अक्का," तो रडवेला होऊन म्हणाला. "तुम्ही पाच नाही म्हणालात ना."

मागून ताराक्का आत आल्या. ही त्याची आई. चिकपेटेत साड्यांचं दुकान, घराणं बंगळुरात इतकं जुनं की मराठीत भांडायला सुरुवात करून कन्नडात संपवतात. "पाच म्हणजे बुध, बुध म्हणजे हिरवा. होय की नाही, अक्का? आता आलं का पाच?"

कपाळ माझं! अंक जन्मतारखेतून येतो, दुकानातल्या ताग्यातून नाही. रंगाचा आधार देतात, पण त्यानं पाटीवरचं रिकामं घर भरत नाही. हे मी आदल्या आठवड्यातच सांगितलं होतं. पण ताराक्कांना अर्धं ऐकायची सवय.

मी अंक पाहते. लग्नाआधी दोघांच्या तारखा पाटीवर मांडून जोडी जमते का ते सांगते. ही विद्या मला आमच्या गल्लीतल्या चिनी दंतवैद्याच्या बायकोनं शिकवली, माझी दाढ सुजली होती तेव्हा. मला बोलता येत नव्हतं, म्हणून तिचं सगळं नीट ऐकलं. ती त्याला लो शू म्हणायची. पुढे चीनशी लढाई झाली, आणि मी मुकाट्यानं त्याला नऊ घरांची पाटी म्हणू लागले. अंकांनी काही कुणावर गोळी झाडली नव्हती, पण गिऱ्हाइकांना कोण समजावणार!

पाटी अशी असते:

४ ९ २
३ ५ ७
८ १ ६

आडवी, उभी, तिरपी, कशीही बेरीज करा, पंधराच. जन्मतारखेतला प्रत्येक आकडा आपापल्या घरात लिहायचा. शून्य सोडून द्यायचं. मग दिवसाच्या आकड्यांची बेरीज, तो मूलांक. सगळ्या तारखेची बेरीज, तो भाग्यांक. तेही घरात टाकायचे. दिवस मुळातच एका आकड्याचा असेल तर तो पुन्हा लिहीत नाही. जी घरं रिकामी राहिली ते हरवलेले अंक. ह्या शतकात जन्मलेल्या सगळ्यांकडे एक आणि नऊ असतातच. एक म्हणजे मीपणा, नऊ म्हणजे जिद्द. म्हणूनच कुणी कुणाचं ऐकत नाही.

अनंताची तारीख १८-३-१९३६. मूलांक नऊ, बेरीज एकतीस, म्हणजे भाग्यांक चार. त्याच्या पाटीत एक, तीन, चार, सहा, आठ, नऊ. दोन, पाच, सात गायब.

मुलगी शुभा. तिचे वडील देशपांडे पुण्याहून आलेले, सरकारी कारखान्यात इंजिनियर. त्यांनी दिलेली तारीख २४-६-१९४२. मूलांक सहा, बेरीज अठ्ठावीस, तिचे दहा, दहाचा एक. तिच्याकडे एक, दोन, चार, सहा, नऊ. तीन, पाच, सात, आठ गायब. मधली आडवी रांग अख्खी रिकामी!

आता जोडी कशी बघतात? काही जण आधी मूलांकांची मैत्री बघतात. मी रिकामी घरं बघते. एकाचं रिकामं घर दुसऱ्यानं भरलं की झकास. दोघांचं तेच घर रिकामं, तर तिथे कुणीच सावरणारं नाही. इथे तीन आणि आठ अनंता भरत होता, दोन शुभा भरत होती. पण पाच आणि सात दोघांकडेही नव्हते. त्यात पाच म्हणजे मधलं घर, समतोल. सात म्हणजे विश्वास.

मी फक्त म्हटलं होतं, "जरा अवघड आहे." ताराक्कांनी ऐकलं, "घर पडणार."

शुभा आणि अनंता यांचं आपापसात कधीच ठरलं होतं. ती दुकानात एका ब्लाऊजपीससाठी इतक्या वेळा आली की ताराक्कांना वाटलं, पोरीच्या डोळ्यांत दोष आहे. पण ताराक्का नाही म्हणाल्या असत्या, तर देशपांडे तिला नागपूरच्या मुलाला देऊन मोकळे होणार होते. तो मुलगा रविवारी बघायला येणार होता. अनंताच्या हिरव्या शर्टावरून मला हसू येत होतं, पण त्याच्या तोंडाकडे बघून मी ते आवरत होते.

तेवढ्यात देशपांडे, त्यांची बायको आणि शुभा आले. अनंताला बघून शुभा पदरात तोंड घालून हसली.

देशपांडे म्हणाले, "बाई, कॅल्क्युलेशन पुन्हा चेक करा."

"बेरीज बरोबर आहे, साहेब. तारीख बरोबर आहे का?"

ते भडकलेच. "म्हणजे काय! मी स्वतः ड्यूटीवर होतो. बुधवारची नाईट शिफ्ट. माणूस निरोप घेऊन आला, मुलगी झाली. बुधवार, चोवीस जून!"

"तुमची कसली हो ड्यूटी!" त्यांच्या बायकोनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "बुधवारी दिवसभर मी लोणच्याच्या कैऱ्या फोडत होते. सासूबाई म्हणाल्या, फोडून संपव, मग दुख. रात्री कळा सुरू झाल्या, पहाटे पोर झाली."

मी पाटी खाली ठेवली. "वहिनी, बुधवारी दिवसभर कैऱ्या फोडून बुधवारीच पहाटे बाळंतीण कशा झालात?"

देशपांडे बोटांवर मोजू लागले.

"आमच्याकडे सगळे बुधवारच म्हणायचे," वहिनी म्हणाल्या. "सूर्य उगवला नव्हता ना!"

बरोबर. आपला वार सूर्योदयाला बदलतो. देशपांडेंच्या कारखान्यात तर पहाटेपर्यंतची हजेरी आदल्या तारखेलाच लागायची. घरी बुधवार, कारखान्यात बुधवार, दोघांचं जमलं, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण पाटीला इंग्रजी तारीख लागते, आणि ती मध्यरात्री बदलते.

"साहेब, तुमची मुलगी पंचवीसची आहे."

"पण शिफ्ट बुधवारची होती," देशपांडे क्षीण आवाजात म्हणाले.

"मुलगी शिफ्टमध्ये नव्हती हो!" वहिनी कडाडल्या.

मी पाटी पुसली. २५-६-१९४२. मूलांक सात. बेरीज एकोणतीस, तिचे अकरा, अकराचे दोन. एक, दोन, चार, पाच, सहा, सात, नऊ. आता हरवले फक्त तीन आणि आठ. ते दोन्ही अनंताकडे. आणि अनंताचे हरवलेले दोन, पाच, सात, तिन्ही शुभाकडे! दोघांच्या पाट्या एकावर एक ठेवल्या तर नऊच्या नऊ घरं भरलेली. शिवाय चार-पाच-सहाची तिरपी रेघ शुभाची एकटीचीच पूर्ण. तिला राजयोग म्हणतात.

ताराक्कांनी पाटीकडे बघितलं, शुभाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "राजयोग? स्वल्प आधी सांगायचं की! सरी, ठरलं, साखर आणा." मग अनंताला, "जा रे, कपडे बदल. पोपट दिसतोयस."

शुभाला मात्र रडू फुटलं. डोळे पुसत ती बापाला म्हणाली, "बाबा, नागपूरला तार करा. येऊ नका म्हणावं." देशपांडे तसेच टोपी घालून निघाले.

लग्न झालं. हिरवा शर्ट ताराक्कांनी दुकानातल्या बाहुल्याला घातला. शुभा दरवर्षी दोन वाढदिवस करते, चोवीसला माहेरचा, पंचवीसला सासरचा, आणि अनंताकडून दोन्ही वेळा साडी घेते. आठ, म्हणजे टापटीप, तिच्याकडे नाही म्हणून ती पसारा घालते, दोन, म्हणजे मनातलं ओळखणं, त्याच्याकडे नाही म्हणून तिचा राग त्याला संध्याकाळी कळतो. भांडतात रोज, पण एकमेकांवाचून घास उतरत नाही.

तेव्हापासून मी बापाला तारीख विचारत नाही. आईला विचारते, आदल्या दिवशी काय करत होतात?