एकोणनव्वद पौंड उरलेले लोखंड

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. एका भुताचा मात्र मला अनुभव आहे. त्याचे वजनही मी केले आहे, तेही कापसाच्या काट्यावर, भर दुपारी, दोन साक्षीदारांसमोर. ते एकोणनव्वद पौंड भरले.

लढाईचे दिवस होते. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे, भाजीबाजारासाठी नवे छप्पर घालायचे ठरले. मी त्या कामावर ओव्हरसियर होतो. छप्पर काँक्रीटचे, चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद, आडव्या तुळयांवर टेकलेले. लोखंड परवान्यावर मिळे आणि तेही वजनाने. म्हणजे किती पौंड लागणार, ते आधीच मागावे लागे. कमी मागितले तर काम अडायचे, जास्त मागितले तर साहेब खुलासा मागायचे.

मी हिशेब केला आणि त्यावर इतका खूश झालो की बायकोला वाचून दाखवला. लांबीच्या दिशेने अर्ध्या इंची सळया, सहा-सहा इंचांवर. वीस फुटांत चाळीस गाळे, म्हणजे सळया एकेचाळीस. गाळ्यांपेक्षा सळई नेहमी एक जास्त, हे नवखा हमखास विसरतो. एकेचाळीस गुणिले चाळीस, सोळाशे चाळीस फूट. अर्धा इंची सळई दीड फुटाला एक पौंड भरते, म्हणजे एक हजार त्र्याण्णव पौंड. त्यांच्यावर आडव्या तीन सुती, म्हणजे तीन अष्टमांश इंची सळया, फुटाफुटावर, वीस फुटी, त्याही एकेचाळीस. त्यांचे वजन फुटाला तीन अष्टमांश पौंड. तीनशे आठ झाले. टोकांना वळवायच्या आकड्यांचे तीस.

राहिले जोड. त्या दिवसांत सळया पंधरा फुटी मिळत, म्हणून चाळीस फुटांना तीन तुकडे आणि दोन जोड. जोडात एक सळई दुसरीवर जाडीच्या चाळीस पट चढली पाहिजे. अर्ध्या इंचाला वीस इंच. तेवढी पकड नसेल तर ओझे आले की सळया एकमेकींचा हात सोडतात. ब्याऐंशी जोड गुणिले वीस इंच, सोळाशे चाळीस इंच! तिकडे फूट, इकडे इंच, आकडा तोच. मी टाळी वाजवली. त्याचे एक्याण्णव पौंड. एकूण पंधराशे बावीस.

"आता जेवा," बायको म्हणाली.

लोखंड यायच्या आदल्या दिवशी मला ताप भरला. मी अमरावतीला, राजापेठेत, घरी दुलईखाली पडलो. माझ्या जागी आलेल्या ओव्हरसियरने मिस्त्रीकडून सळया बांधून घेतल्या, काँक्रीट ओतून घेतले आणि तो नागपूरला निघून गेला. मी परतलो तेव्हा काँक्रीट मुरावे म्हणून छपरावर पाणी साठवलेले होते आणि खाली बल्ल्यांच्या टेकूंचे रान उभे होते. त्या रानात दिवसासुद्धा अंधार. वरून थेंब पडत. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरीकडे टप्.

कोपऱ्यात लोखंडाच्या मोळ्या होत्या. अर्धा इंची, सव्वातीन फुटी तुकडे.

सव्वातीन फूट! दोन जोडांचे चाळीस इंच होतात, जेमतेम तेवढेच. दोन हमालांकडून ते कापसाच्या काट्यावर नेऊन वजन केले. एकोणनव्वद. जोडांचे मागितले होते एक्याण्णव.

म्हणजे जोडांचे सगळे लोखंड इथे, जमिनीवर होते. मग वर काय होते? टोकाला टोक लावून तारेने बांधलेल्या सळया? साहेबांचा हुकूम होता, काँक्रीट ओतल्यापासून एकविसाव्या दिवशी टेकू काढायचे. सतरावा दिवस चालू होता.

छपराखालची पहिली जागा एका माळीण मावशीची होती. शेजारीच तिची बाग, तिथली वांगी आणि शेवंती ती विकायची. ती रोज येऊन आपली जागा झाडून जाई आणि माझ्याशी भांडे.

"सायेब, तुमच्या मिस्त्रीनं माह्या कडूलिंबाची साल काढली. भरून कोन देईन?"

"मावशी, लिंबाचं नंतर पाहू."

"नंतर म्हंजे कवा? तुमी सारखे वर काहून पाहून राहिले? पाल हाय का?"

मला ती तिथे बसलेली दिसे, पुढ्यात वांगी, मागे गिऱ्हाइके, आणि वर ब्याऐंशी ठिकाणी सळया हात सोडताहेत. थेंब पडला की मी मोजू लागे. ब्याऐंशीला थांबे आणि पुन्हा एकपासून सुरू करी. एकदा ती म्हणाली, "सायेब, कोन्या बाबाले दाखवा." मी खरोखरच विचार केला.

एकोणिसाव्या दिवशी गाडी धरून बडनेऱ्याला गेलो. मिस्त्री तिथे रेल्वेच्या एका कामावर होता. साठीचा, बोलणे मोजके. मी विचारले, "जोड कुठं गेले?"

"कोनते जोड?"

"एकोणनव्वद पौंड उरलंय! मी तोललंय!"

त्याने हातातली सळई खाली ठेवली. "तोललं ना? मंग आल्या किती, ते मोजलं का?"

मी खिशातला हिशेबाचा कागद काढला.

"चव्वेचाळीस फुटी आल्या व्हत्या, सायेब. बैलगाडीत मावाव्या म्हून मधात दुमडून. सरळ कराले दिवस गेला. अख्खी सळई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. जोड कायचा घालू? उगंच?" मग हलकेच म्हणाला, "या कामात तीस साल झाले मले. मले चोर म्हनासाठी बडनेऱ्यापर्यंत आले तुमी."

परतीच्या गाडीत मी आकडे मांडले. चव्वेचाळीस फुटांतून चाळीस आणि आकड्यांचे नऊ इंच गेले की सव्वातीन फूट उरतात. एकेचाळीस तुकडे, एकोणनव्वद पौंड. बरोबर! पण चोराचा हिशेबही असाच बरोबर आला असता. वजनाने किती ते कळते, कुठून आले ते कळत नाही.

स्टेशनवरून थेट बाजारात गेलो. मावशी झाडत होती.

"मावशी, लिंबाची साल कशानं गेली?"

"आता इचारता? त्या लोखंडाच्या लांब लांब सापायनं! दुमडेल व्हते. झाडाले अडकवून चार मानसं वढत. आमच्या वावराच्या पार त्या बांधापर्यंत जाये एक-एक."

"किती होते?"

"पाच-पाचाचे आठ, आन वर एक. मोजले म्या. नुकसानी मांगाची तर मोजा लागते ना?"

एकेचाळीस! मी लिंबापाशी गेलो. कंबरेएवढ्या उंचीवर साल घासून आतले पांढरे लाकूड उघडे पडले होते. पंधरा फुटी सळईला दुमडायची गरज नसते, झाडही लागत नाही. मी त्या जखमेला हात लावून पाहिला.

एकविसाव्या दिवशी टेकू निघाले, मधल्यापासून कडेकडे. मी खाली दोरी ताणून बांधली होती आणि दोरी ते छत हे अंतर दर टेकूगणिक मोजत होतो. ते बदलले नाही, म्हणजे छत झुकले नाही. शेवटची बल्ली पडण्याआधीच मावशी टोपली घेऊन आत शिरली. "मावशी, थांबा!" मी ओरडलो. ती आपल्या जागी बसून वांगी मांडू लागली. मीही तिच्या शेजारी जाऊन बसलो. ओव्हरसियरला दुसरे काय करता येते?

मिस्त्रीची माफी मागायला मी पुन्हा बडनेऱ्याला गेलो. त्याने चहा पाजला, पण नंतर माझ्या एकाही कामावर तो आला नाही.

छप्पर आजही उभे आहे. पण मी कुठल्याही स्लॅबखाली गेलो की नजर आधी वर जाते आणि मग कोपऱ्यात, काही उरले आहे का ते पाहायला. लिंबाची जखम म्हणे भरून आली. मी बघायला गेलो नाही.