पाचव्यानं आधी शून्य उचलायचा

माकणीची वर्षाराणी एसटीत बसली की कंडक्टर तिकीट फाडायचं विसरून तिचं ऐकत उभा राहतो. धाराशिवच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र तिचं तोंड मिटतं. तिथं बोलायचं खातं जोडीदार श्रीशैलकडं. एका मशीनवर दोघं. ती टाइप करणार, तो 'आपण केलं' म्हणणार.

त्या आठवड्यात पाच तत्त्वज्ञांचं प्रॅक्टिकल होतं. गोल टेबलाभोवती पाच जण, दर दोघांच्या मधे एक काटा; जेवायला मात्र प्रत्येकाला दोन हवेत. कुणी न अडकता सगळे जेवतील असा प्रोग्रॅम लिहायचा. घरी हे ऐकून तिची आई कोंडाबाई म्हणाली, "एवढी शिकलेली माणसं, अन् हातानं खायला काय झालंय?"

प्रोग्रॅम मधेच गप्प व्हायचा. श्रीशैल तो बंद करून पुन्हा सुरू करायचा. "मशीनच लई जुनं हाय," हे त्याचं संशोधन.

वर्षाराणीनं कोण काय उचलतंय ते स्क्रीनवर छापून बघितलं. पाचही जणांनी डावा काटा उचललेला, उजवा शेजाऱ्याच्या मुठीत, अन् हातातला कुणी सोडेना. मग तिनं काट्यांना शून्य ते चार नंबर दिले. नियम एकच: आपल्या दोनांतला लहान नंबर आधी उचलायचा. चौघांचं काही बदललं नाही. पाचव्याकडं मात्र चार अन् शून्य, म्हणून त्यानं आधी शून्य मागायचा. तो पहिल्या गड्यानं घेतलेला असला, की पाचवा रिकाम्या हातानं थांबणार. चार नंबर मोकळा राहणार. तो घेऊन चौथा जेवणार, दोन्ही खाली ठेवणार, अन् बाकीच्यांचीही वाट मोकळी. प्रोग्रॅम दुपारभर चालला, एकदाही अडकला नाही.

या प्रॅक्टिकलवरून गौरीशंकर सर पुण्याच्या इंटर्नशिपसाठी वर्गातून एकच नाव पाठवणार होते. वर्षाराणीला ते हवं होतं.

"उद्या सरांना मी सांगणार हं."

"व्हय गं, तूच सांग. तुझंच हाय."

दुसऱ्या दिवशी एसटी उशिरा आली. ती धापा टाकत दारात पोचली तेव्हा श्रीशैल सरांपुढं उभा होता.

"पाचव्यानं आधी शून्य उचलायचा, सर. म्हणजे वर्तुळच बनत न्हाय. लई डोकं लावलं. आमची आई तर म्हणते, हातानं खायला काय झालंय?"

सगळा वर्ग हसला. सरही हसले. समजावण्यात एक चूक नव्हती. कशी असणार, तिनंच दोनदा समजावलं होतं. कोड नेला ते तिनं कदाचित गिळलं असतं. पण आई?

"ये, वर्षाराणी," सर म्हणाले, "जोडीदाराकडून शीक जरा. नाव पाठवतोय मी त्याचं."

तिनं श्रीशैलकडं बघितलं. तो स्क्रीन पुसायला लागला, रुमालानं, फार मन लावून.

"सर, हे मी केलंय."

"दोघांचंच की ते," श्रीशैल पटकन म्हणाला. "म्या कुठं न्हाय म्हणलं?"

सरांनी घड्याळ बघितलं. "भांडू नका. नाव एकच जातं, अन् सांगितलं त्यानं."

वर्षाराणीनं बॅग उचलली अन् ती कोपऱ्यातल्या, कुणी वापरत नसलेल्या मशीनवर जाऊन बसली.

"अगं, इकडं ये की! पुढचं प्रॅक्टिकल कोण टाइप करणार?" श्रीशैलनं विचारलं. खरंच विचारलं, बिचाऱ्यानं.