पोस्टमध्ये पहिली कोण लिहायची?

स्नेहसंमेलन आटोपलं की आमच्या कॉलेजच्या पानावर निकालांची आणि आभारांची एक लांबलचक पोस्ट पडायची. ती वाचायचं कोणी नाही. जो तो बोटाने सरकवत आपलं नाव शोधायचा, सापडलं की अंगठा द्यायचा आणि निघून जायचा. मागच्या वर्षी सजावटीच्या मुली महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. का, तर आभारात पार्किंगवाल्यांचं नाव त्यांच्या आधी आलं होतं! मी मराठी शिकवते, म्हणून कॉलेजचं पान माझ्या गळ्यात. मग रुसवेफुगवेही माझ्याच गळ्यात.

यंदा मात्र माझं डोकं सटकलं. मी जाहीर केलं, यादी बंद. निकाल चित्रांवर टाकायचे, तीन क्रमांक, ठळक अक्षरात. खाली माणूस वाचेल असं थोडंसं लिहायचं.

पोस्ट लिहिणारी माझी विद्यार्थिनी तिसऱ्या वर्षाला होती, जिभेची तिखट. म्हणाली, "मंग आभार कसे मानाचे मॅडम? हवेत?"

मी म्हटलं, प्रत्येक चमूच्या प्रमुखाला एकच विचार, तुमचं घोडं अडलं तेव्हा धावून कोण आलं? चमूतल्यांची नावं त्यांनी पोस्टखाली प्रतिक्रियेत टाकावी. आणि बाप्पा, काय काय निघालं! वाऱ्याने मंडपाची कनात फाटली, तर व्हॉलीबॉलच्या पोरांनी आपल्या जाळीची दोरी सोडून ती बांधली होती. नाटकातल्या राजाचा जोडा ऐनवेळी तुटला, तर तो प्राचार्यांच्या शिपायाच्या चपला घालून सिंहासनावर बसला होता. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. चार दिवस मी त्याच मांडवात बसले होते!

मला चटकच लागली. म्हटलं, निकालांचंही असंच करू. पहिल्या आलेल्या प्रत्येकाबद्दल परीक्षकांना एक ओळ विचारू.

गायनाच्या परीक्षक बाईंना मी स्वतःच फोन लावला. त्या खुशीत म्हणाल्या, "ती हार्मोनियमवाली ना? अहो, मधेच एक पट्टी अडकली तिची. पोरीने ती पट्टी टाळून अख्खं गाणं निभावलं. आम्ही दोघांनीही तिलाच पहिली दिली."

ज्या मुलीला आम्ही स्टेजवर ढाल दिली, तिने हार्मोनियमला हातही लावला नव्हता. ती मोबाइलवर तानपुरा लावून उभ्याने गायली होती.

खरं सांगते, आधी भीती वाटलीच नाही, नुसती उत्सुकता वाटली. झालं कसं हे? मी आणि माझी विद्यार्थिनी चित्रीकरण बघत बसलो आणि कोडं सुटलं. ढाल मिळालेली मुलगी कोराडीहून यायची. त्या दिवशी तिची बस उशिरा आली. तिच्या जागी सूत्रसंचालकाने पुढचीच हार्मोनियमवाली चढवली, आणि ही आल्यावर हिला तिच्या जागी. परीक्षकांना मात्र बदल कोणी सांगितला नाही. त्यांच्यापुढे नुसते नंबर होते, नावं नव्हती. एकीचे गुण दुसरीच्या नंबरावर पडले, आणि ढाली दिल्या तेव्हा परीक्षक नव्हतेच.

भीती वाटली ती नंतर. कोराडीची ती पोरगी पहिल्या वर्षाला होती. निकालाच्या दिवशी तिचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. वीज केंद्राच्या वसाहतीत राहणारा माणूस, ओळख ना पाळख, पण मला शोधत येऊन त्यांनी माझ्या हातावर संत्राबर्फी ठेवली होती. पोरीचा ढालीसकटचा फोटो त्यांच्या स्टेटसवर होता. ती ढाल आता परत मागायची? माझ्या तोंडून ते शब्द कसे निघणार?

"मॅडम," माझी विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "गायनाचा निकालच नका टाकू. नुसते फोटो टाकू. कोणाले समजते?"

मी तिच्यावर खेकसले. खेकसले, कारण तेच माझ्याही मनात येऊन गेलं होतं. हार्मोनियमवाली बिचारी टाळ्या वाजवून घरी गेली होती, तिचं काय?

दुसऱ्या परीक्षकांनाही विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. दोघं येऊन दुरुस्त निकालावर सह्या करून गेले, प्राचार्यांनी होकार दिला. पण पोस्ट मी थांबवून धरली. पोरीला ते मोबाइलवर वाचून कळता कामा नये. मी तिला विभागात बोलावलं आणि सगळं सांगितलं.

ती रडली नाही. ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "बाबाले कोण सांगन?"

"मी सांगते ना."

"नाही. मीच सांगतो."

दुसऱ्या दिवशी बापलेक दोघंही दारात हजर. वडिलांच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत ढाल. मी उठून उभी राहिले. चूक आमची आहे, तुमच्या मुलीची काही नाही, आम्ही पोस्टमध्ये तसं स्पष्ट लिहिणार आहोत, असं एका दमात बोलून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते हार्मोनियमवाली पोरगी कुठं आहे मॅडम? तिले भेटाचं होतं."

"काहून?" माझ्याही तोंडून त्यांच्याच बोलीतला 'का' निघाला.

"स्पर्धेच्या दिवशी आम्ही पोचलो तवा ते गाऊनच राहिली होती. ढाल घेऊन घरी जाताना मी हिले म्हटलं होतं, ढाल तुले भेटली खरी, पण ते पोरगी तुझ्याहून चांगली गायली. तवापासून ही माझ्याशी धड बोलून नाही राहिली."

पोरगी भिंतीकडे बघत होती. म्हणाली, "मलेही वाटलंच होतं. मी अंतरा विसरली होती. मंग पहिली कशी आली? रोज ढालीकडे पाहो, अन् बाबाचा राग येये."

मी हार्मोनियमवालीला वर्गातून बोलावून घेतलं. ढाल कोराडीच्या पोरीनेच तिच्या हातात दिली. माझ्या विद्यार्थिनीने तेवढ्यात फोटो काढला. पोस्टमध्ये पहिला तोच लावला. खाली लिहिलं, "नंबरांची अदलाबदल आमच्याकडून झाली. गायनातला पहिला क्रमांक हार्मोनियमची पट्टी अडकली तरी न थांबलेल्या मुलीचा. ढाल तिला देणारी तिची स्पर्धक. दोघींची माफी, आणि दोघींचे आभार."

निघताना कोराडीची पोरगी दारात अडखळली. "मॅडम, एक विचारू? मंग मी कितवी आली?"

तिला हे समजलं नसतं तरी चाललं असतं, असं मला वाटलं. चित्रावर तीनच क्रमांक होते. पण ती माझ्याकडे एकटक बघत होती.

"चौथी," मी म्हटलं.

तिने मान खाली घातली. वडील मात्र थबकले. पिशवीची घडी करता करता त्यांचे हात थांबले.

"चौथी?" ते म्हणाले. "अंतरा विसरून चौथी? अरे बाप्पा!" आणि ते पोरीकडे असे बघायला लागले, की तिला हसूच फुटलं. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याशी मोकळेपणाने बोलली, "बाबा, हळू ना, सारे पाहून राहिले."

संध्याकाळी पोस्ट पडली. चमूचे प्रमुख आपापली नावं टाकायला यायच्या आधीच तिच्याखाली पहिली प्रतिक्रिया आली होती. "सर्वांचे अभिनंदन. माझी मुलगी चौथी आली."