बंद पडद्यामागच्या बाई

बाईंना गप्प बसणं जन्मात जमलं नव्हतं. कुकरची शिट्टी झाली तरी त्या "आले गं बाई" म्हणायच्या. नवरा चिडवायचा, "घरात तोंडाला कुलूप नाही आणि तिकडे मुकाट बसायचा पगार घेतेस." ते खोटंही नव्हतं. न बोलणाऱ्या लहान मुलांना बोलतं करणं हे बाईंचं काम, आणि त्यातला निम्मा भाग म्हणजे आपण गप्प राहून वाट पाहणं.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी दवाखान्यातली सतरंजी आणि खेळण्यांचं कपाट सोडलं आणि घरातल्या एका कोपऱ्यातून, व्हिडिओवर मुलं बघायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात त्यांना कळून चुकलं की पडद्यातून आपले हात तिकडे पोचत नाहीत. मग आईचे हात उसने घ्यायचे. फुगे आई उडवणार, ठोकळे आई रचणार, बाई फक्त आईच्या कानातल्या इअरफोनमधून सांगणार. खेळणीही त्यांच्याच घरातली हवीत, डबे, चमचे, मोजे. आणि खेळ लहान ठेवायचा, कारण पडद्यापुढे चार-पाच वर्षांचं मूल टिकतं तरी किती!

त्यांतलीच एक मुंगी, पाच वर्षांची. घरी आईशी चुरूचुरू बोलायची, पण तिसरं माणूस आलं की दातखीळ. शाळेत वर्षभर तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. तो हट्ट नव्हे, भीती असते, हे बाईंनी आईला समजावलं. आई घरीच शिवणकाम करायची, दोघीच राहायच्या.

बाईंनी बेत सांगितला. टॅब बाजूच्या फळीवर ठेवायचा. बाईंचा कॅमेरा बंद, आवाज बंद. आई आणि मुंगी रोजच्यासारख्या खेळतील, बाई नुसत्या ऐकतील. मुंगी मोकळी बोलायला लागली की बाई हळूहळू खेळात शिरतील. आधी आवाज, मग चेहरा, मग प्रश्न.

"पण ताई, तिला खरं सांगा हं," बाई म्हणाल्या. "बाई ऐकतायत, दिसणार नाहीत, एवढंच."

"सांगते," आई म्हणाली.

बेत छान चालला होता. टॅबवरच्या काळ्या चौकोनाकडे पाठ करून मुंगी बटणांची दुकानदारी करायची. एकदा तिने आईला विचारलं, "या शर्टाला ढेकर आली तर कुठलं बटण तुटेल?" आणि बाई खदखदून हसल्या. आवाज बंद करायचा त्या दिवशी राहून गेला होता.

पलीकडे सगळं थांबलं. मुंगीच्या हातातलं बटण घरंगळत पलंगाखाली गेलं. ती फळीकडे बघत होती.

"काही नाही गं," आई घाईघाईने म्हणाली. "ते बंदच आहे."

बाईंच्या लक्षात आलं. आईने सांगितलंच नव्हतं. बाई काही बोलायच्या आत आईने टॅब बंद केला.

दोन दिवसांनी आईचा फोन आला. ती कुजबुजत होती, जणू कोणी ऐकेल.

"ती आता माझ्याशीपण बोलत नाही हो."

"अजिबात?"

"एक शब्द नाही. टीव्हीवर चादर टाकलीय. माझा फोन पालथा घालते. ओव्हनच्या काचेला टॉवेल लावलाय. संध्याकाळी खिडकी काळी झाली की पडदा ओढून त्याच्याकडे पाठ करून बसते. मी विचारलं काय झालं, तर नुसतं बोट दाखवते. मी म्हटलं होतं बंद आहे. वाटलं, खरं सांगितलं तर बोलणारच नाही. तिचा आवाज एकट्या मलाच मिळायचा, बाई. तोही गेला."

बाईंना स्वतःचा राग आला आणि आईचाही आला. पण राग काय कामाचा? त्या रात्री पाणी प्यायला उठल्या, तर बैठकीतल्या बंद टीव्हीत त्यांची सावली हलली, आणि त्यांनी निमूटपणे त्यावर टॉवेल टाकला. मुंगीला काय वाटत असेल ते तेव्हा त्यांना नीट कळलं. बंद म्हटलेल्या वस्तूतून कोणी हसलं की मग घरातलं काहीच बंद उरत नाही.

दुसऱ्या दिवशी आईने मुंगीला जवळ घेऊन सांगितलं, "मी खोटं बोलले. ते चालू होतं. बाई ऐकत होत्या. माझं चुकलं." मग बाई समोर आल्या, हात हलवला, आपला टॅब उचलून खोली दाखवली, खुर्ची, फळी, पायपुसणं, वाळत घातलेला नवऱ्याचा बनियन. "मी इथे राहते. टॅबमध्ये नाही."

मुंगी आईच्या पदरामागून बघत राहिली.

मग बाईंनी खेळ उलटा केला. "आता तू अंधारात बस. मी दिसणार, तू नाही. कॅमेऱ्याचं बटण तुझं, आवाजाचंही तुझं. नको वाटलं तर मला घालवून टाक." आईला बजावलं, "तुम्ही शेजारी बसायचं आणि काही करायचं नाही. 'बोल ना', 'सांग ना' काही नाही. बोललीच तर टाळ्या नकोत." आईला शिवण उसवण्यापेक्षा ते अवघड गेलं असेल.

कॅमेरा बंद झाला. बाईंपुढे काळा चौकोन आला. त्यांनी लाकडी हत्ती घेऊन, तो हरवल्याचं सोंग आणून घरभर शोधायचा खेळ सुरू केला. प्रश्न एकही नाही, नुसतं आपलं आपण बोलणं. "उशीखाली नाही. टोपलीत नाही." कधी मुंगी त्यांना खटकन घालवायची, पुन्हा बोलवायची. कधी आवाज चालू ठेवायची, आणि मग चौकोनातून एक बारीक श्वास ऐकू यायचा. कोणी आहे, बघतंय, आणि काही बोलत नाही. बाईंच्या बडबडीला पहिल्यांदा घाम फुटायला लागला. सत्र संपलं की त्या मान चोळायच्या आणि नवऱ्यालाही काही सांगायच्या नाहीत.

असे बरेच दिवस गेले. आईचे संदेश एकाच शब्दाचे यायचे, "नाही." बाईंना वाटू लागलं की आपण एका लेकराचं तोंड कायमचं शिवून टाकलं.

त्या दुपारी आभाळ भरून खोलीत अंधारलं होतं. बाईंनी हत्ती पाठीमागच्या फळीवर ठेवला, मुंगीला दिसेल असा, आणि समोरच्या टेबलावर शोधायला लागल्या. "डब्यात नाही. कपात नाही. कुठे गेला बाई?" आवाज चालू होता. श्वास येत होता, नेहमीपेक्षा जवळ.

"मागे."

बाई थिजल्या. आवाज घोगरा होता, न वापरलेला. मागे हत्तीच आहे, आपणच ठेवलाय, हे पक्कं माहीत असून त्यांच्या मानेवर काटा आला आणि मान वळेना. पाठीमागच्या सगळ्या खोलीत कोणीतरी उभं आहे असं वाटत राहिलं.

काळा चौकोन वाट बघत होता. मग पुन्हा आवाज आला, आता जरा मोठ्याने, आई लेकराला सांगते तसा.

"घाबरू नको. मी बघतेय ना."

चौकोनातून एक हुंदका आला, आणि कोणीतरी तो तोंडावर हात दाबून अडवला. आईने शब्द पाळला. बाईंचे डोळे भरून आले. बोलायला हजार गोष्टी तोंडाशी आल्या होत्या, त्या सगळ्या त्यांनी गिळल्या.

"बरं," एवढंच म्हणाल्या, आणि मागे वळल्या.