निनावी जमा

बी-बियाणं आणि खतांच्या त्या दुकानात उधारीचा हिशोब ताई सांभाळायची. लग्न मोडून माहेरी आली तेव्हापासून वडिलांनी तो तिच्या हाती दिला होता. पेरणीच्या आधी शेतकरी यायचे, बियाणं, खत, औषध उधारीवर न्यायचे. ताई बिल फाडायची, त्यावर "मका विकल्यावर" अशी मुदत लिहायची, सही घ्यायची. पीक स्टार्चच्या कारखान्याला गेलं, तिथले पैसे आले, की शेतकरी इथं हिशोब मिटवायचे. कुणाचं पीक कधी निघणार, कुणाचं किती येणं, सगळं ताईला तोंडपाठ.

मग धाकट्या भावाची बायको दुकानात यायला लागली. तिनं सगळी बिलं कॉम्प्युटरवर चढवली. थोडे पैसे आले तर आधी जुन्या बिलात वळते करायचे, मग नव्यात, आणि उरलेली बाकी शेतकऱ्याच्या फोनवर पाठवायची. शेतकऱ्यांना ते फार आवडलं.

"सूनबाई आहेत का?" दारातूनच विचारायचे.

"मी मेले की काय?" ताई मनात म्हणायची आणि तोंडानं म्हणायची, "आहे, आत आहे."

वडीलही चहा पिता पिता म्हणायचे, "सूनबाई आली आणि डोक्यावरचं ओझं उतरलं बघ." म्हणजे इतकी वर्षं ओझं ताईच होती! तिला घास गोड लागेना. भावजय हसली तरी तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. तिनं खुर्चीवर ठेवलेली उशीसुद्धा ताईच्या डोळ्यांत सलायची.

मक्याचे पैसे येऊ लागले तेव्हा एका रकमेपाशी भावजय अडली. रक्कम मोठी, पाठवणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच खात्याशी जुळेना. कुणाच्याही नावावर मोघम टाकण्यापेक्षा तिनं ती निनावी जमा म्हणून बाजूला ठेवली.

"ताई, हे नाव ओळखीचं आहे का हो?"

ताईला ठाऊक होतं. ओढ्याकाठच्या म्हाताऱ्यानं परवाच फोन केला होता: "पोरी, औंदा मका जावयाच्या नावानं कारखान्याला घातला, पैसे त्याच्याच खात्यातून येतील. माझ्या बाकीत धर." ताई हो म्हणाली होती.

आता मान न उचलता ती म्हणाली, "नाही बाई. तुझ्या कॉम्प्युटरला विचार."

मुदत उलटली. म्हाताऱ्याच्या नावापुढं सगळी बाकी तशीच. भावजयीनं आठवण पाठवली, उत्तर नाही म्हणून फोन केला. पलीकडून म्हातारा कडाडला, तो बाहेरच्या बाकावर बसलेल्या ताईलाही ऐकू आला. दुसऱ्या दिवशी त्याचा जावई बँकेचा कागद आपटून गेला. "दिलेले पैसे परत मागता? पुढचं बियाणं आम्ही दुसरीकडून घेऊ. आमच्या शेजाऱ्यांचंही!"

वडिलांनी सुनेला फैलावर घेतलं. "माणसं जोडायला जन्म जातो, सूनबाई! तुझ्या कॉम्प्युटरला माणूस ओळखता येत नाही?"

हेच ऐकायला ताई आसुसली होती. आता मात्र तिला ते ऐकवेना. भावजय खाली मान घालून उभी होती. तिनं एकदा ताईकडं पाहिलं. म्हाताऱ्यानं फोनवर "ताईला सांगितलं होतं" असं तिला सांगितलं असणार, हे त्या नजरेत स्पष्ट दिसलं. तरी ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचाही ताईला राग आला. म्हणजे चांगुलपणातही हीच पुढं!

"तिला बोलू नका," ताई एकदम म्हणाली. "म्हाताऱ्यानं मला सांगितलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही."

"का?" वडिलांचा आवाज बसला.

"सगळे तिलाच विचारतात म्हणून."

वडील म्हणाले, "उद्यापासून उधारी सूनबाई बघेल. एकटी."

ताई दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या शेतावर गेली. रक्कम त्याच्या बिलांवर चढवून बाकी शून्य दाखवणारी पावती त्याच्या हातावर ठेवून म्हणाली, "काका, चूक सुनेची नव्हती, माझी होती."

म्हाताऱ्यानं पावती उन्हाला धरून वाचली. "पोरी, तुझ्यावर भरवसा होता," एवढंच म्हणाला. पेरणीला बियाणं घ्यायला मात्र आला. शेजारी आले नाहीत.

दारात उभं राहून त्यानं विचारलं, "सूनबाई आहेत का?"

ताई गोण्या मोजत होती. "आहे," ती म्हणाली, "आत जा," आणि पुन्हा पहिल्या गोणीपासून मोजायला लागली.