चार शेर गुळाला पाच शेर गहू

वळसंगात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी महादेवाच्या देवळापुढं हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर, शिजायची. दिवसभराचा उपास गाव तिच्यावर सोडायचं. सालं एकोणीसशे तीसच्या आसपासची. हुग्गीचा मोठा कलथा, आणि त्यासोबत ती शिजवायचा मान, मल्लव्वाच्या घरी असे. तो तिला सासूकडून मिळाला होता, आणि गावाची रीत साधी होती: ज्याची हुग्गी बिघडली त्याच्या घरचा कलथा पुढच्या श्रावणात दुसऱ्याच्या घरी. गावातलीच महानंदा तीन वर्षं त्याच्यावर डोळा ठेवून होती, आणि ते लपवतही नव्हती.

मल्लव्वाला लिहिता येत नव्हतं. तिचं प्रमाण मात्र पक्कं होतं. उखळात कांडलेला गहू पाच शेर, गूळ चार शेर, दोन्ही तागडीत तोललेले. एवढ्यात पन्नास माणसं जेवतात. त्या साली दोनशेंचा अंदाज होता, म्हणून घराघरांतून आणलेला वीस शेर गहू रात्रीच भिजत घातला होता. गूळ सोळा शेर लागणार होता. तो आबासाहेबांकडून यायचा. ते गावातले मोठे बागाईतदार, आणि देणाऱ्यानं गूळ स्वतःच्या हातानं हंड्यात टाकायचा, हीही रीतच.

तिसऱ्या प्रहरी गहू मऊ झाला. मल्लव्वा सुंठ कुटायला देवळामागं गेली, तेवढ्यात आबासाहेब आले आणि पोतं रिकामं करून मोकळे झाले.

ती परतली तेव्हा हंडा तपकिरी दिसत होता. तिनं कलथ्यावरचा थेंब चाखला. बोटं चिकटली.

"आबासाहेब, किती टाकला?"

"चोवीस शेर. शेजारच्या दोन वस्त्यांची माणसं येत्यात की. दोनशेचं तीनशे झालं. मी हिशेब करूनच आणला."

"गुळाचा हिशेब केला. गव्हाचा कुणी केला?"

"आता गूळ जास्तच हाय, तर पाणी वाढव. होईल तीनशेला."

"पाण्यानं हुग्गी वाढत न्हाय, काकवी होती."

"मग थोडा गूळ काढून घे."

"विरघळलेला? कुठल्या हातानं काढू, तेवढं सांगा."

महानंदा पलीकडं पत्रावळी लावत होती. "देवाच्या नावानं आलेलं माघारी जात न्हाय, मल्लव्वा," ती म्हणाली. "बघ बाई काय जमतंय का."

मल्लव्वानं तिच्याकडं पाहिलं नाही. जमिनीवर काटकीनं ती रेघा ओढू लागली. चार शेरांची एक रेघ. चोवीस शेरांच्या सहा रेघा झाल्या. प्रत्येक रेघेला पाच शेर गहू, म्हणजे सहा पंचे तीस. हंड्यात वीस. दहा कमी. माणसांकडून मोजलं तरी तेच येत होतं: तीनशे म्हणजे सहा पन्नास.

दहा शेर गहू गावात होता. पण भिजायला रात्र जाते आणि सूर्य कलला होता.

"अंबुबाई," तिनं शेजारणीला हाक मारली, "तुजं जातं रिकामं हाय?"

"रिकामं हाय, पण सणाला दळण?"

"दळायचं न्हाय. नुसतं भरडायचं. आणखी दोघींना बोलव."

तीन जात्यांवर दहा शेर गव्हाचा भरडा निघाला. सुपानं कोंडा पाखडला गेला. आबासाहेबांनी सुपातलं सरळ हंड्यात ओतायला सुरुवात केली, तसा मल्लव्वानं कलथा आडवा धरला.

"गुळात गहू शिजत न्हाय. कच्चाच राहतो. आधी साध्या पाण्यात मऊ हुईल, मग इथं येईल."

वीस शेरांना तीन घागरी पाणी गेलं होतं, म्हणून दहांना दीड. भरडा लवकर शिजतो, आटणं कमी होतं. म्हणून त्यातलंही दोन तांबे पाणी तिनं मागं ठेवलं. दुसऱ्या चुलीवरचं भांडं खदखदू लागलं. सुंठ आणि वेलदोडे तिनं दीडपट घेतले. दिवेलागणीच्या सुमारास मऊ भरडा हंड्यात पडला आणि दोघी-दोघींनी मिळून कलथा फिरवला. मल्लव्वानं पुन्हा एक थेंब चाखला. या खेपेला बोटं चिकटली नाहीत.

तीनशेच्या वर चार-सहा माणसं जास्तच जेवली. दुसऱ्या पंगतीत गोजाबाई म्हातारीनं तक्रार केली. "मल्लव्वा, आज गहू दाताला लागतोय गं."

"मग दात हायत म्हणायचं अजून," मल्लव्वा म्हणाली आणि तिच्या पत्रावळीत आणखी वाढलं.

म्हातारीचं खरं होतं. अर्ध्या घटकेची आच भरड्याला कमीच पडली होती. मल्लव्वाला ते कळलं, महानंदालाही कळलं. पण पत्रावळीत कुणी काही टाकलं नव्हतं, त्यामुळे हुग्गी बिघडली असं महानंदाला म्हणता येईना. देवळाच्या ओट्यावर आबासाहेब मात्र सांगत होते, की गूळ नेमका तीनशेचाच आणला होता आपण. ते खोटं नव्हतं.

कलथा मल्लव्वाच्याच घरी गेला. पुढच्या श्रावणात आबासाहेब पोतं घेऊन आले, तेव्हा तिनं ते हंड्याजवळ जाऊ दिलं नाही. स्वतः त्या पोत्यावर बसली आणि म्हणाली, "टाका तुमीच, तुमच्याच हातानं. आधी सांगा, गहू किती भिजलाय?"